विश्लेषण : इंग्रजी ‘जीडी’त नेमके कधी बोलायचे?

रिसोड, कारंजा किंवा मंगरूळपीरहून पुण्याला नोकरीच्या निवडफेरीसाठी जाणारा उमेदवार समूह चर्चेत, म्हणजे ‘जीडी’त, गप्प राहिला की त्याचे इंग्रजी कच्चे आहे असे ठरवले जाते. अनेकदा अडचण वेळेची असते. मुद्दा मराठीत सुचतो, मनात त्याचे इंग्रजी होते, व्याकरण तपासले जाते आणि तोवर चर्चा पुढे गेलेली असते.

शांतता का मिळत नाही?

दहा उमेदवार आणि 15 मिनिटे धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जेमतेम तीन संधी. संभाषणावरील अभ्यास सांगतात, की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच जातो. वाक्य जुळवायला याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे समोरच्याचे वाक्य संपत असतानाच आपले पहिले दोन-तीन शब्द तयार हवेत. ते शोधायचीही गरज नसते, त्याचाच शेवटचा मुद्दा उचलायचा.

शिरायचे कसे?

समजा, विषय आहे : महामार्गांमुळे खेड्यांचा विकास होतो का? एकजण म्हणतो, 701 किलोमीटरच्या ‘समृद्धी’मुळे शेतमालाला ‘मार्केट अ‍ॅक्सेस’ मिळेल. वाशीमचा उमेदवार तिथेच शिरू शकतो : ‘यू सेड मार्केट अ‍ॅक्सेस. द हायवे पासेस थ्रू माय डिस्ट्रिक्ट, बट वी कॅन एंटर ओन्ली अ‍ॅट द इंटरचेंजेस, अँड टू-व्हीलर्स आर नॉट अलाउड. सो हाऊ डझ अ स्मॉल फार्मर रीच इट?’

वाक्ये छोटी आणि साधी आहेत. मुंबई-पुण्याच्या उमेदवाराला सहसा ठाऊक नसलेली माहिती त्यांत आहे. शेवटी प्रश्न असल्याने पुढच्याला उत्तर द्यावेच लागते. इथे थांबायचे. सोयाबीनच्या भावावर पाठ केलेले भाषण जोडले, की कमावलेले गेले.

भरकटलो हे कसे कळते?

आपल्यानंतर बोलणाऱ्याने आपला मुद्दा उचलला का, हे पाहावे. सलग दोनदा कोणीच उचलला नाही, तर आपण चर्चेच्या मागे आहोत. बहुधा कारण एकच असते : कागदावर स्वतःचे वाक्य लिहीत बसल्याने ऐकणे सुटते. त्याऐवजी प्रत्येकाच्या बोलण्यातला एकच शब्द टिपावा. चर्चा भूसंपादनाच्या मोबदल्यावर गेली असेल, तर इंटरचेंजचा उरलेला मुद्दा कितीही चांगला असला तरी सोडून द्यावा.

मोठ्या आवाजाला गुण देणारे परीक्षक असतातच. अनेक आयआयएमनी दशकभरापूर्वी जीडी सोडून लेखी चाचणी आणली. कंपन्यांच्या फेऱ्यांत मात्र तो टिकून आहे. तिथे कोणी मध्येच तोडले तर आवाज चढवू नये. ‘जस्ट टू फिनिश’ म्हणून एक वाक्य पूर्ण करावे आणि पुढच्याला बोलू द्यावे.