दोन प्रतींत आंकडा जुळेना, तर खरा कोणता मानावा?

गांवच्या जुन्या आकारबंदाची स्कॅन केलेली प्रत हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं असते. एक प्रत वाटणीच्या वेळीं काढलेली असते, दुसरी भावकींतल्या कोणीं मोजणीच्या वेळीं आणलेली असते. दोन्ही समोर ठेवल्या म्हणजे बहुतेक आंकडे जुळतात, परंतु दोनचार जुळत नाहींत, आणि वादास तोंड फुटतें. ज्याचें क्षेत्र ज्या प्रतींत अधिक, त्यास तीच प्रत खरी वाटते. त्रयस्थ मनुष्य ठळक व स्वच्छ प्रतीच्या बाजूनें कौल देतो. समेट करूं पाहणारा दोन आंकड्यांचा मध्य काढा म्हणतो. हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत असें आमचें स्पष्ट मत आहे.

मध्य काढण्याची गोष्ट तर सोडूनच द्यावी. कागदावर ९ लिहिलेला असेल किंवा १ असेल. ५ तेथें कोणींच लिहिलेला नाहीं. पहिल्या मार्गाविषयीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं. राहिला स्वच्छ प्रतीचा मार्ग, आणि तोच सर्वांत फसवा आहे. इ. स. २०१३ च्या ऑगस्टमध्यें डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानें असें दाखवून दिलें कीं, झेरॉक्स कंपनीचीं कांहीं यंत्रें स्कॅन करतांना आंकडेच बदलीत होतीं. एका घराच्या नकाशांत तीन खोल्यांचें क्षेत्र १४.१३, १७.४२ व २१.११ चौरस मीटर असें होतें. स्कॅन प्रतींत तिन्ही ठिकाणीं १४.१३ उमटलें. कारण असें कीं, साठवणीची जागा वांचविण्यासाठीं यंत्र एकमेकांसारख्या दिसणाऱ्या आकृतींपैकीं एकच ठेवी व सर्व ठिकाणीं तीच छापी. अक्षर पुसट झालें असतें तर वाचणारा सावध झाला असता. येथें आंकडा चुकीचा असूनही ठसठशीत होता. कंपनीनें पुढें दुरुस्ती केली, तरी त्यापूर्वीं निघालेल्या प्रती जशाच्या तशाच राहिल्या. तेव्हां स्वच्छपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे. संशय आल्यास तो आंकडा मोठा करून त्याच पानावरील दुसऱ्या तशाच आंकड्याशेजारीं ठेवावा. हातानें लिहिलेले दोन ९ ठिपक्या-ठिपक्यानें सारखे कधींच नसतात. ते तसे दिसले तर एक यंत्रानें दुसऱ्यावरून उचलला आहे असें समजावें.

आतां योग्य रीत कोणती, तें पाहूं. पहिला प्रश्न हा कीं, दोन्ही प्रती एकाच कागदाच्या आहेत कीं दोन निरनिराळ्या कागदांच्या? शाईचा डाग, फाटलेला कोपरा, शिक्क्याची जागा हीं दोहोंत सारखीं असतील तर कागद एकच आहे, आणि फरक यंत्राचा अथवा वाचणाऱ्याचा आहे. खुणा निराळ्या असतील तर एक मूळ पत्रक व दुसरी कोणीं हातानें उतरलेली नक्कल, किंवा दुरुस्तीपूर्वींचें व दुरुस्तीनंतरचें पत्रक असा प्रकार संभवतो. मग दोन्ही आंकडे आपापल्या कागदावर खरे असूं शकतात. तशा वेळीं आंकड्याच्या आधीं तारीख व सही शोधावी. जर कागदावर मुळीच नसलेला, स्कॅन करतांना पडलेला एखादा पट्टाही दोन्ही प्रतींत एकाच जागीं असेल, तर एक प्रत दुसरीवरूनच निघालेली आहे. त्या दोघी मिळून एकच साक्षीदार होतात, आणि जेथें त्या जुळतात तेथेंही त्या जुळण्यास दुप्पट वजन देतां येत नाहीं.

कागद एकच ठरला म्हणजे बेरजेस बसावें. समजुतीसाठीं एक कल्पित पान घेऊं. नंबर १२ ला लागवडीचें क्षेत्र ३ एकर १७ गुंठे व एकूण क्षेत्र ३ एकर २६ गुंठे, असें दोन्ही प्रतींत आहे. पोटखराबा मात्र एकींत ९ गुंठे, दुसरींत १ गुंठा. १७ व ९ मिळून २६ होतात. १ घेतला तर १८ च होतात. येथें ओळच निकाल देते. गुंठ्यांच्या रकान्यांत ३९ हून मोठा आंकडा वाचला जात असेल, तर बेरजेचीही गरज नाहीं; ४० गुंठ्यांचा एकर झालाच असता, म्हणून तें वाचन टाकून द्यावें.

नंबर १३ चा आकार एकींत ५ रुपये १२ आणे, तर दुसरींत ५ रुपये १३ आणे आहे. ओळींत याचा ताळा नाहीं, म्हणून रकान्याची बेरीज करावी. बाकीचे चार आकार ४ रु. ८ आ., ३ रु. ४ आ., ६ रु. १० आ. व २ रु. ६ आ.; पानाखालीं दोन्ही प्रतींत बेरीज २२ रु. ८ आ. आहे. १२ आणे धरले तर आण्यांची बेरीज ४०, म्हणजे २ रु. ८ आ., आणि २० रुपये मिळून २२ रु. ८ आ. बरोबर येतात. १३ धरले तर एक आणा वाढतो. म्हणून १२ आणे. मात्र रकान्यांत असा संशयित आंकडा एकच असला तरच हा निर्णय पक्का. दोन असले तर एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीनें झांकली जाऊं शकते.

तिसरा प्रकार बेरजेच्या बाहेरचा आहे. नंबर १५ समोर 'जुना नंबर' एकींत ९१, दुसरींत ९९. नंबरांची बेरीज कोणी करीत नाहीं. ९१ हा आकडा दुसऱ्या एका ओळींत आधींच आलेला आहे, म्हणून येथें ९९ असावा, असें म्हणण्याचा मोह होतो. पण एक जुना नंबर फुटून त्याचे दोन नवे नंबर झालेले असूं शकतात, म्हणून हा तर्क पुराव्यास पुरत नाहीं. आणि चूक येथेंच सर्वांत महाग पडते. आजोबांच्या खरेदीखतांत जुना नंबर आहे. तो चुकला कीं खत एका शेताचें व कबजा दुसऱ्या शेताचा, असें दिसूं लागतें. अशा ठिकाणीं घरीं बसून निर्णय करूंच नये. जुन्या गांवनकाशाशीं ताडून पाहावें, आणि भूमि अभिलेख कार्यालयांत मूळ पान पाहून त्याची प्रमाणित नक्कल घ्यावी.

निर्णय झाला किंवा न झाला, तरी तो कसा लिहून ठेवावा यास आम्ही फार महत्त्व देतों. कोणत्याही स्कॅन प्रतीवर खाडाखोड करूं नये. वेगळ्या कागदावर नंबर, रकाना, पहिल्या प्रतींतील वाचन, दुसऱ्या प्रतींतील वाचन आणि निर्णयाचें कारण अशीं पांच घरें आंखावीं. जेथें निर्णय नाहीं तेथें दोन्ही आंकडे ठेवून 'मूळ पाहणें' असा शेरा मारावा. मूळ पाहिल्यावर असेंही निघेल कीं जुन्या कारकुनाचीच बेरीज चुकलेली आहे. तरीसुद्धां नकलेंत जें लिहिलें आहे तेंच उतरावें व चूक शेऱ्यांत दाखवावी. कागदावर काय आहे आणि काय असावयास पाहिजे, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिला डोळ्यांनीं सोडवावयाचा, दुसरा अर्जानें. सातबाऱ्यांतील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तजवीज महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्यें आहे.

नवी प्रत काढतांना काळा-पांढरा असा दुरंगी स्कॅन घेऊं नये. रंगीत किंवा करड्या छटेचा, इंचास निदान ३०० ठिपक्यांचा घ्यावा. त्यांत पुसट आंकडा पुसटच दिसतो, आणि पुसट आंकडा पुसट दिसणें हेंच खातेदाराच्या हिताचें आहे.