हिशेबाच्या आधी शुक्रियाची चिठ्ठी

आपल्या व्यापारी बांधवांना लिहिण्याची सवय नाही, असे म्हणता येणार नाही. गिऱ्हाईक दोन मीटर कापड उधार नेते, तेही आपण वहीत लिहितो. कुरआन शरीफातील सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि आपले वाडवडील तो पाळत आले. पण घरात कोणी अचानक आजारी पडले, दुकान सोडून पळावे लागले आणि शेजारच्या दुकानदाराने आठ-दहा दिवस आपला गल्ला सांभाळला, तर त्या उपकाराची नोंद मात्र आपण तोंडीच ठेवतो. चहा पाजतो, हात हातात घेतो, ‘तुमचे उपकार विसरणार नाही’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर वही घेऊन हिशेबाला बसतो.

माझे मत असे की, अशा वेळी दुकानात परतल्याबरोबर सात-आठ ओळींची शुक्रियाची चिठ्ठी द्यावी, आणि ती हिशेब मिळवण्याच्या आधी द्यावी. ‘आधी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण पुढे सांगतो.

कापडाच्या दुकानात मागे राहिलेल्या माणसावर काय काय पडते, ते आधी पाहावे. आमच्या पाचोडात बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले लोक येतात. लगनसराईत एकेक घर बस्त्यासाठी येते आणि दोन-दोन तास बसते. साड्या, धोतरे, टॉवेल-टोप्या, ब्लाउजपीस, सगळे एकाच बैठकीत निघते. ठाणाच्या चिठ्ठीवर विक्रीचा भाव असतो, पण खरेदीचा भाव बहुतेक दुकानदार सांकेतिक अक्षरांत लिहितात. ती अक्षरे मालकालाच कळतात. त्यामुळे कुठवर सूट द्यायची, हे दुसऱ्याने अंदाजानेच ठरवायचे. शिवाय ट्रान्सपोर्टचा माल येतो. गाठ भिजलेली किंवा फाटलेली असेल आणि बिल्टीवर तसा शेरा न घेता सही झाली, तर पुढे भरपाई मागताना दुकानदाराच्या हातात पुरावा उरत नाही. म्हणजे मदत करणारा नुसते शटर उघडत नाही. तो आपल्या नावाने निर्णय घेतो आणि चुकला तर बोल लावून घेण्याची तयारी ठेवतो.

गेल्या लगनसराईत माझ्या थोरल्या भावाला लकव्याचा झटका आला. त्यांना घेऊन आम्ही रातोरात शहरात गेलो. नऊ दिवस माझे दुकान शेजारच्या दुकानदाराने चालवले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. तेही कापडवालेच, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने माझे प्रतिस्पर्धी. त्या नऊ दिवसांत एक बाजार आला आणि माझ्या दोन गाठीही आल्या. परतल्यावर मी त्यांना जी चिठ्ठी दिली, ती त्यांच्या परवानगीने येथे देतो.

‘अण्णा, सप्रेम नमस्कार.

थोरल्या भावाला शुक्रवारी घरी आणले. उजवा हात अजून उचलत नाही, पण बोलू लागले आहेत.

नऊ दिवस आपण माझे दुकान उघडलेत. बाजाराच्या दिवशी आपल्याकडे गर्दी असताना माझ्याकडे आलेला बस्ता आपण माझ्याच दुकानातून काढून दिलात, हे मला त्या घरच्यांनी सांगितले. भिजलेली गाठ आपण सही करण्याआधी उघडून पाहिलीत आणि बिल्टीवर शेरा लिहिलात. मी असतो तरी याहून वेगळे केले नसते.

वहिनींनी मुलांना डबा पाठवला. त्यांना आमच्या घरच्यांचा सलाम सांगावा.

उद्यापासून मी दुकानात आहे. आपण आता आपल्या गादीवर निवांत बसावे.

आपला शेजारी.’

चिठ्ठी एवढीच. यात पहिली ओळ रुग्णाची आहे, कारण मदत करणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. त्याने दुकान सांभाळले ते भावासाठी, विक्रीसाठी नव्हे. बातमी खरी आणि थोडक्यात द्यावी. ‘सगळे ठीक आहे’ असे मोघम लिहिले, तर त्याला पुन्हा विचारावे लागते.

त्यानंतर कामे येतात. सगळी कामे मोजू नयेत. यादी केली की ती पावतीसारखी दिसते. दोनच कामे निवडावीत, आणि तीही अशी की जी फक्त त्यानेच केली आणि दुसऱ्या कोणाच्या चटकन लक्षात आली नसती. दुकान उघडले, हे सगळ्या पेठेने पाहिले. पण आलेला बस्ता आपल्या दुकानात वळवला नाही, हे कोणी पाहिले? धंद्यातल्या माणसाची खरी परीक्षा तिथे होती. ती आपण ओळखली, एवढे कळले की त्याला पुरे होते. ‘आपल्यासारखा देवमाणूस मिळणार नाही’ असल्या वाक्याने ते कळत नाही, कारण ते वाक्य कोणालाही लिहिता येते.

‘मी असतो तरी याहून वेगळे केले नसते’ हे वाक्य मी विचार करून घातले. दुसऱ्याच्या दुकानात निर्णय घेणाऱ्याला रात्री एकच खटका असतो की, मालकाला हे पटेल का? या एका ओळीने तो खटका जातो. शेवटची ओळ जबाबदारी परत घेण्याची आहे. पुष्कळ जण ती लिहीत नाहीत. मग मदत करणारा आणखी चार दिवस रोज सकाळी येऊन ‘आज येऊ का?’ विचारत राहतो.

आता हिशेबाकडे येतो. नऊ दिवसांची रोकड मिळवताना २४० रुपये कमी भरले. दोन दिवसांनी बिल्टीच्या कागदांत एक चिठ्ठी सापडली. गाठींची हमाली आणि टेम्पोभाडे अण्णांनी गल्ल्यातून दिले होते आणि ती चिठ्ठी बिल्टीला टाचली होती. परक्या हाती दुकान असले की अशी तफावत बहुधा निघतेच. कधी चहा-हमाली लिहायची राहते, कधी घासाघिशीत दिलेली सूट, कधी गिऱ्हाइकाला बोटभर जास्त कापून दिलेले कापड. त्यात लबाडी नसते. पण समजा, मी चिठ्ठी हिशेबानंतर द्यायची ठेवली असती. २४० रुपयांचा प्रश्न आधी विचारला असता आणि रक्कम सापडल्यावर आभार मानले असते, तर त्या आभारांचा अर्थ झाला असता की, हिशेब जुळला म्हणून धन्यवाद. चिठ्ठी आधी पोचली होती, म्हणून मला ‘अण्णा, हमाली कुठे लिहिली?’ असे साधेपणाने विचारता आले आणि त्यांनाही ते टोचले नाही.

म्हणून चिठ्ठीत हिशेबाचा एक शब्दही नसावा. रोकड, उधारी, शिल्लक माल यांचा कागद वेगळा करावा आणि वेगळ्या दिवशी समोर बसून मिळवावा. तफावत निघाली आणि कारण सापडलेच नाही, तर लहान रक्कम आपल्या नावे खर्ची टाकावी.

चिठ्ठीसोबत पाकिटात पैसे ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही. बरोबरीच्या दुकानदाराला पैसे दिले की तो नऊ दिवसांचा नोकर ठरतो. आपल्या नोकराचे मात्र उलट आहे. मुलाने जास्त वेळ काम केले असेल, तर नुसत्या शुक्रियावर त्याची बोळवण करू नये. जादा वेळेचा मोबदला हा त्याचा हक्क आहे. तो हातात ठेवावा आणि मग शाबासकी द्यावी. अण्णांची परतफेड त्यांच्या अडचणीच्या दिवशी करायची असते. ते वचनही चिठ्ठीत लिहू नये, कारण ‘तुमच्यावर वेळ आली तर’ हे शब्द आजारपणाच्या काळात कानाला बरे लागत नाहीत.

हल्ली मोबाइलवरील व्यापाऱ्यांच्या ग्रुपमध्ये आभार टाकण्याची रीत पडली आहे. त्यात दोन अडचणी आहेत. घरच्या आजारपणाची चर्चा घरच्यांना न विचारता गावभर होते. आणि ज्याचे आभार मानले त्याला चाळीस लोकांच्या अंगठ्यांना उत्तर देत बसावे लागते. दोघांतली गोष्ट दोघांतच बरी. कागद नसेल तर त्याच्या एकट्याच्या मोबाइलवर लिहावे, पण लिहावे.

भाषेविषयी एक गोष्ट सांगतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेले लोक. पत्र म्हटले की लेखणी आधी अलकाब-ओ-आदाबकडे, म्हणजे लांबलचक मायन्याकडे वळते. पण त्याच उर्दूत मिर्झा गालिब यांनी ही रीत मोडली आणि समोर बसून बोलावे तशी पत्रे लिहिली. त्यांच्या पत्रांचा ‘ऊद-ए-हिंदी’ हा संग्रह १८६८ साली छापला गेला, तेव्हापासून साधे पत्र हे कमी इज्जतीचे मानण्याचे कारण उरलेले नाही. माझा मसुदा मनात उर्दूत तयार झाला होता. लिहिताना मी तो मराठीत उतरवला, कारण अण्णा मराठी वाचतात. ज्याचा शुक्रिया मानायचा, त्याला चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये.

बातमी वाईट असेल, रुग्ण दगावला असेल, तर घाई करू नये. घरात लोक भेटायला येत असतात, ते दिवस जाऊ द्यावेत. मग पहिल्या ओळीत तेवढे लिहावे की अमुक दिवशी इंतकाल झाला आणि आपण दुकान सांभाळले म्हणून मला अखेरपर्यंत त्यांच्याजवळ बसता आले. अशा वेळी बस्ता आणि बिल्टीही लिहू नये. त्या माणसाने आपल्याला खरोखर जे दिले, ते हेच असते.

चांगली बातमी असो की वाईट, वही त्यानंतरच उघडावी.