सात अक्षरे आधीच गेलेली

तुळशीचे लग्न लागले की माझ्या फोनला काम मिळते. आधी प्रकृतीची चौकशी होते, मग ‘लिहिणं चालू आहे ना?’ असा एक प्रश्न येतो, आणि तो येताच पुढचे वाक्य मला कळलेले असते. ‘मंगलाष्टका हव्या होत्या. दोन्हीकडच्या सगळ्यांची नावं आली पाहिजेत हं. आणि जरा वेगळ्या.’

सगळ्यांची नावे आणि जरा वेगळ्या, या दोन मागण्या एका श्लोकात राहू शकत नाहीत हे फोनवर सांगून पटत नाही. म्हणून इथे सांगतो.

मंगलाष्टका म्हणायच्या त्या शार्दूलविक्रीडितात. दुसऱ्या वृत्तात लिहायला मनाई नाही, पण कार्यालयातल्या सगळ्या मावश्या-आत्यांच्या गळ्यात एकच चाल बसलेली असते आणि ती या वृत्ताची आहे. ओळीला १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर थांबा, मग उरलेली ७. चार ओळींचा श्लोक म्हणजे ७६ अक्षरे झाली. पण चौथ्या ओळीची शेवटची सात अक्षरे तुमची नसतातच. तिथे ‘कुर्यात् सदा मंगलम्’ येऊन बसलेले असते, कारण ते ऐकल्याशिवाय मंडपातला एकही हात अक्षता टाकत नाही. उरली ६९. त्यात वधू, वर, चार आईवडील, आजी, आणि ‘मामाला विसरू नका’.

बरे, नुसती अक्षरे मोजून भागत नाही. प्रत्येक अक्षराची जागा लघू की गुरू हे ठरलेले असते. ऱ्हस्व ते लघू, दीर्घ ते गुरू, आणि जोडाक्षराच्या आधीचे अक्षर आघात घेत असेल तर तेही गुरू. म्हणजे नावाची बारशाच्या दिवशीच परीक्षा झालेली असते, फक्त निकाल लग्नात लागतो. राधिका, सायली, कल्पना या मुली सुखी. गुरू-लघू-गुरू असे नाव ओळीत तीन ठिकाणी सहज बसते. ओंकारलाही तीन जागा आहेत. पण समजा नवरीचे नाव सुनयना आहे. तीन लघू आणि एक गुरू. सलग तीन लघू या वृत्तात एकदाच येतात, नवव्या अक्षरापासून अकराव्यापर्यंत. म्हणजे सुनयना ओळीत शिरणार ती नेमकी थांब्याच्या आधी, दुसरीकडे कुठेही नाही. आणि नवरदेव समजा मधुसूदन. त्याला तर जागाच नाही. लघू-लघू-गुरू-लघू-लघू असा क्रम या ओळीत कुठेच येत नाही.

इथे बरेच हौशी कवी नाव ताणतात. ‘मधुऽसूऽदन’ असे काहीतरी म्हणतात आणि माईक हातात असल्याने ते खपूनही जाते. त्यापेक्षा व्याकरणाला शरण जावे. मधुसूदनला विभक्तीत घाला. ‘मधुसूदना’ झाले की शेवटचे अक्षर गुरू होते आणि ते नाव चौथ्या अक्षरापासून आठव्यापर्यंत चपखल बसते. तर मग:

आली मंडपि ही पहा सुनयना माला करी घेउनी
साजे ती मधुसूदना सहचरी जैशी नभा चांदणी

‘मंडपि’ ऱ्हस्व केले, ‘घेउनी’तला उ ऱ्हस्व केला. एवढी सवलत मराठी पद्याने कायम दिली आहे. आकाशातली चांदणी अगदीच घासून गुळगुळीत झालेली आहे, हे मलाही कळते. पण हा श्लोक ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक जेवणाची पहिली पंगत कधी बसणार या विचारात असतात आणि उरलेले अंतरपाटाच्या वरून डोकावून पाहत असतात. एकदाच, बँडच्या वरताण आवाजात, ऐकून लगेच समजेल एवढेच चालते. नवी प्रतिमा उलगडायला दुसरे वाचन लागते आणि लग्न दुसऱ्यांदा वाचता येत नाही.

तिसरी ओळ आईवडिलांना देऊन टाकावी. मामाची नाराजी पत्करावी किंवा त्याला पुढचा श्लोक द्यावा. चौथ्या ओळीत मात्र एक खाच आहे. ‘कुर्यात्’ हे संस्कृत क्रियापद आहे आणि एकवचनी आहे. कोणीतरी एकाने मंगल करावे, असा त्याचा अर्थ. तो कोणीतरी ओळीत हवा. पुष्कळ घरगुती मंगलाष्टकांत आत्या, काका, शेजारी अशी यादी येते आणि शेवटी ‘कुर्यात्’ निराधार लोंबकळते. जुन्या रचनांत तिथे देव असतो. अनेक देव असतील तर ‘कुर्वन्तु वो मंगलम्’ असे अनेकवचन येते, आणि गंमत अशी की तेही बरोबर त्याच सात जागांत बसते. आपण एक देव घेऊ:

दोघांना गिरिजापती प्रतिदिनी कुर्यात् सदा मंगलम्

जमले. वाक्यही पुरे झाले, आणि मंडपात कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आता मुख्य गोष्ट. या कवितेचा संपादक गुरुजी असतात, आणि त्यांच्या हातात पेन्सिल नसून घड्याळ असते. मुहूर्त गाठायचा असतो. नवरदेव पारावरून उशिरा आला तर आठाचे तीन श्लोक होतात. सगळे वेळेत तयार असले तर ‘अजून कोणाला म्हणायच्यात का?’ असे विचारून वेळ भरून काढतात. कोणता श्लोक गळेल आणि कोणता राहील हे लिहिताना ठाऊक नसते. त्यामुळे प्रत्येक श्लोक स्वतःपुरता पूर्ण असावा लागतो. पहिल्यात मुलीचे बालपण, तिसऱ्यात शिक्षण, पाचव्यात भेट आणि आठव्यात नावांचा उलगडा अशी चढत जाणारी कथा कागदावर छान दिसते. मंडपात गुरुजी चौथ्याला हात वर करतात आणि नवऱ्याचे नाव आलेलेच नसते. म्हणून दोन्ही नावे पहिल्याच श्लोकात उरकावीत. बाकीचे श्लोक गाळता येण्याजोगे आणि वाढवता येण्याजोगे ठेवावेत.

शेवट तर कवीच्या हातात नसतोच. हौशी मंडळींचे म्हणून झाले की गुरुजी ‘तदेव लग्नं’ सुरू करतात. तो श्लोक अकरा अक्षरी वृत्तात आहे. लांबलचक १९ अक्षरांची सवय झालेल्या कानाला एकदम आखूड ओळ ऐकू येते, चाल बदलते, आणि अर्थ न कळणाराही उरलेल्या अक्षता मुठीत घट्ट धरतो. अंतरपाट धरणारे सावध होतात, वाजंत्रीवाला मान वर करतो. वृत्त बदलून शेवट सांगण्याची ही युक्ती एखाद्या नाटककाराला सुचावी अशी आहे.

समारंभच बदलला तर काय होते, याचे उत्तर जोतीराव फुल्यांनी दिले आहे. सत्यशोधक पद्धतीची लग्ने १८७३ पासून ब्राह्मण पुरोहिताशिवाय लागू लागली. १८८७ साली त्यांनी ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि’ ही पुस्तिका काढली. तिच्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते आणि वर तिला वचन देतो. नेहमीच्या मंगलाष्टकांत ज्या दोघांसाठी हे सगळे चाललेले असते ते दोघेच गप्प उभे असतात. फुल्यांनी मधला माणूस काढला आणि त्याबरोबर आशीर्वादाची भाषा जाऊन कराराची भाषा आली. हा बदल त्या लग्नाच्या रचनेतूनच निघाला. नुसते वृत्त किंवा शब्द बदलून तो साधला नसता.

मृत्यूच्या प्रसंगी आपल्याकडे घाटावर कविता म्हणत नाहीत. ती नंतर येते, वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटीत. फोटो, त्याखाली चार ओळी, खाली ‘शोकाकुल’ आणि कुटुंबीयांची नावे. नावांचा प्रश्न इथे चौकटीनेच सोडवलेला असतो, त्यामुळे कवितेत ती कोंबावी लागत नाहीत. जागेचे पैसे मोजायचे असल्याने चार ओळींची पाचवी होत नाही. आणि सगळ्यांसमोर छापली जाणारी ही कविता मृताला उद्देशून ‘तुम्ही’ म्हणत बोलते. वाचणारे भलतेच लोक असतात, हे ठाऊक असूनही घरातल्यांना ती तशीच हवी असते. अशा चार ओळी मागायला कोणी आले की मी फक्त एकच विचारतो, घरात त्यांना काय म्हणून हाक मारत होता? ‘नाना’ किंवा ‘अक्का’ हा एक शब्द आला की बाकीच्या ओळी साध्याच असाव्यात. तिथे अलंकार घातले की शोक कवीचा होतो.

सगळ्यात अवघड काम निवृत्तीच्या निरोपाचे. लग्नात क्रियापद ‘होवो, करो’ असे पुढचे बघते. श्रद्धांजलीत ते भूतकाळात जाते. निरोपात मात्र ज्याच्याबद्दल बोलायचे तो माणूस हार घालून, मांडीवर शाल-श्रीफळ घेऊन समोर बसलेला असतो आणि त्याची बायको पहिल्या रांगेत असते. ‘साहेब वक्तशीर होते, प्रेमळ होते, सगळ्यांना सांभाळून घेणारे होते.’ तीन वेळा ‘होते’ आले की सभागृहातली हवा बदलते. हार तसाच, माणूस तोच, पण वाचणारा नकळत शोकसभेत जाऊन पोचलेला असतो. म्हणून निरोपाच्या कवितेत गुणांना वर्तमानकाळ द्यावा आणि भूतकाळ फक्त कचेरीला. साहेब वक्तशीर आहेत. मस्टर तेवढे त्यांच्या नावाचे होते.

थट्टा इथे हवीच, कारण तिच्याशिवाय हे मानपत्र होऊन बसते, आणि मानपत्र गद्यात आधीच वाचून झालेले असते. पण थट्टेचा विषय त्या माणसाच्या टेबलावरचा असावा. चहाची वेळ, चष्मा विसरण्याची सवय, फायलीला बांधायची दोरी गुंडाळून खिशात ठेवणे. बढती हुकली, बदली झाली, असल्या गोष्टींची थट्टा सहकारी हसून घेतात. पहिली रांग हसत नाही. वाचण्याआधी कागद एकदा घरच्यांना दाखवून घ्यावा, आणि कार्यक्रमपत्रिकेत आपला नंबर वडा-चहाच्या आधीचा मागून घ्यावा. नंतरचा मिळाला तर आठ कडव्यांची चार करून उभे राहावे.