गॅस मार्क ४ म्हणजे किती अंश?

ब्रिटनमध्ये भाड्याच्या जुन्या घरात राहायला गेलेल्या मराठी माणसाला स्वयंपाकघरात हमखास एक अडचण येते. नानकटाईच्या कृतीत १८० अंश सेल्सिअस लिहिलेले असते आणि गॅसच्या ओव्हनच्या बटणावर मात्र १ ते ९ एवढेच आकडे असतात. मग तो तक्ता शोधतो, मार्क ४ लावतो आणि तरीही नानकटाईच्या कडा करपतात, मध्य कच्चा राहतो. दोष कृतीला दिला जातो. आमच्या मते दोष तक्त्यावर ठेवलेल्या आंधळ्या विश्वासाचा आहे.

गॅस मार्क ही ब्रिटिश ओव्हनची मोजणी. १९२३ मध्ये तिथे ‘रेग्युलो’ या नावाचा उष्णता-नियंत्रक बसवलेला कुकर बाजारात आला आणि त्याचे आकडे पाककृतींच्या पुस्तकांत रुळले. जुन्या पुस्तकातला ‘रेग्युलो ४’ आणि आजचा मार्क ४ एकच. मार्क १ म्हणजे २७५ अंश फॅरेनहाइट आणि पुढे प्रत्येक मार्काला २५ अंश फॅरेनहाइटची वाढ. सेल्सिअसमध्ये ही वाढ सुमारे १४ अंशांची होते. त्यामुळे हिशेब सोपा आहे: मार्काला १४ ने गुणा आणि १२१ मिळवा. मार्क ४ म्हणजे ५६ अधिक १२१, अर्थात १७७ अंश. पुस्तके तो १८० छापतात. मार्क ३ चे उत्तर १६३ येते; कोणी ते १६० छापते, कोणी १७०. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एकाखालच्या अर्ध्या आणि पाव मार्काला मात्र हे सूत्र लागू नाही. ते साधारण १२० आणि ११० अंश धरावेत.

कृती पंख्याच्या ओव्हनसाठी लिहिलेली असेल तर आधी तिच्यात २० अंश मिळवायचे. पंख्याचे १६० म्हणजे साध्या ओव्हनचे १८०, म्हणजे मार्क ४. ही पायरी गाळली तर पदार्थ फिका राहतो.

पण खरी मेख पुढेच आहे. तक्ता बटणावरच्या आकड्याचे रूपांतर करतो, तुमच्या ओव्हनचे नाही. जुन्या नियंत्रकात पितळी नळी आणि तिच्या आत जवळजवळ न प्रसरणारी एक कांडी असते. नळी तापून लांबते, कांडी मागे सरकते आणि गॅसची झडप आवळली जाते. म्हणून ओव्हन तापल्यावर ज्योत बारीक होते, पण विझत नाही. थोडा गॅस एका आडवाटेच्या छिद्रातून सुरूच राहतो. वर्षानुवर्षांच्या वापराने ही जुळणी सरकते आणि मार्क ४ लावूनही आत निराळेच तापमान भरते.

यावर उपाय एकच: ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक. तो मधल्या जाळीवर ठेवावा, कारण मार्कचा आकडा तिथलाच असतो. गॅसच्या ओव्हनमध्ये वरची जाळी अधिक तापते, खालची कमी. मार्क ४ लावून अर्धा तास थांबावे आणि दर दहा मिनिटांनी तीन-चार नोंदी घ्याव्यात. समजा त्यांची सरासरी २०५ आली. अपेक्षित १७७, म्हणजे २८ अंश जास्त, पुरते दोन मार्क. आता मार्क २ लावून तेच करावे. तिथे १७७ च्या आसपास आकडा आला, तर फरक सर्वत्र सारखा आहे असे समजून १८० अंशांच्या कृतीला मार्क २ वापरावा.

मार्क १ लावूनही आकडा १६५ च्या खाली उतरत नसेल, तर सूत्र काय करणार? आडवाटेने जास्त गॅस जातो आहे, असा दाट संशय घ्यावा. तिथे स्वतः स्क्रू पिळू नये. ते काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या कारागिराचे. घरमालकाने दरवर्षी करून घ्यायची गॅस तपासणी सुरक्षिततेसाठी असते. तिचा दाखला आहे म्हणून मार्क बरोबर आहेत, असे मानू नये.

छापील तक्ता सुरुवातीला जरूर वापरावा, पण शेवटचा शब्द तापमापकाचा. जुन्या ओव्हनच्या प्रत्येक घरात मोजलेल्या अंशांची चिठ्ठी बटणाजवळ चिकटवलेली असावी, आणि घर सोडताना ती पुढच्या भाडेकरूसाठी तशीच ठेवावी.