गुरुजींचे पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण...

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त मुख्याध्यापक ऑफिसवर आले. हातात जुनी प्लॅस्टिकची फाईल. म्हणाले, "बाळ, एक माणूस फोन करतोय. माझे म्युच्युअल फंडात अडकलेले पैसे काढून देतो म्हणतो. शेकडा पंचवीस त्याला द्यायचे. देऊ का?"

मी म्हटलं, "गुरुजी, आधी आपण स्टेटमेंट काढू. मग ठरवा."

गुरुजींनी ऑक्टोबर 2007 मध्ये एका एजंटाच्या सांगण्यावरून नव्या फंडात 25,000 रुपये टाकले होते. दहा रुपयांचं युनिट, वर सव्वादोन टक्के एंट्री लोड, म्हणून हातात आले 2,444.988 युनिट. लाभांश खात्यावर जमा व्हायचा. एकदोनदा झालाही. 2010 साली निवृत्त झाले, पेन्शनसाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं, जुनं बंद केलं. फंडाला कळवायचं राहून गेलं. एजंट तोवर गाव सोडून गेला होता.

सगळ्या फंडांतली आपली गुंतवणूक एकत्र दाखवणारं एक स्टेटमेंट असतं. त्याला कन्सॉलिडेटेड अकाउंट स्टेटमेंट म्हणतात, थोडक्यात कॅस. ते दर महिन्याला किंवा सहा महिन्यांनी आपोआप येतं आणि फुकट असतं. मग गुरुजींना इतकी वर्षं का आलं नाही? कारण फॉर्मवर ईमेल होता एजंटाचा! आपल्याकडे त्या काळात सर्रास असंच चालायचं. गिऱ्हाईकाकडे ईमेल नाही, मग एजंट स्वतःचाच टाकून मोकळा.

म्हणून पहिलं काम गुरुजींना घेऊन जिल्ह्याच्या गावी जाण्याचं. फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या दोन रजिस्ट्रार कंपन्या आहेत. त्यांच्या सेवा केंद्रात पॅन आणि ओळखपत्र दाखवून ईमेल-मोबाईल बदलायचा फॉर्म भरला. बदल नोंदला गेल्यावर त्यांच्या वेबसाईटवरून स्टेटमेंट मागवलं. (mfcentral.com वरूनही मागवता येतं.) तिथे दोन ठिकाणी लोक चुकतात. "Summary" घेतलं तर फक्त आजची शिल्लक दिसते, म्हणून "Detailed" घ्यायचं आणि तारीख अगदी सुरुवातीपासूनची टाकायची. दुसरं म्हणजे शून्य शिल्लक असलेले फोलिओही मागायचे. युनिट विकलेत पण पैसे खात्यावर पोचलेच नाहीत, अशी भानगड तिथेच सापडते.

आता हे वाचायचं कसं, तेवढं नीट बघा. प्रत्येक ओळीत तारीख, व्यवहार, रक्कम, युनिट, दर आणि शिल्लक युनिट असे रकाने असतात. खरेदीच्या ओळीत रक्कम असते आणि युनिट वाढतात. लाभांशाच्या ओळीत "IDCW" असं लिहिलेलं असतं. 2021 पासून लाभांशाला हेच नाव आहे, त्याआधीच्या ओळींत "Dividend" दिसेल. त्या ओळीत रक्कम आहे आणि युनिटही वाढलेत, तर लाभांश परत गुंतवला गेला. रक्कम आहे पण युनिटचा रकाना रिकामा, तर फंडाने ते पैसे तुमच्याकडे पाठवले. अशी प्रत्येक ओळ पासबुकाशी ताडून बघायची. पासबुकात जमा नाही? मग तो न पोचलेला लाभांश.

गुरुजींच्या स्टेटमेंटात 2010 नंतर अशा पाच ओळी निघाल्या. 2014 ला युनिटमागे 1 रुपया, 2015 ला दीड, 2017 ला दीड, 2018 ला 1, 2021 ला 1. एकूण 6 रुपये गुणिले 2,444.988, म्हणजे 14,669 रुपये 93 पैसे. पासबुकात त्यातला एकही जमा नाही. शेवटच्या ओळीत युनिट शाबूत होते. दर 24.60 धरून त्यांची किंमत 60,146 रुपये. त्या फोनवाल्याला पंचवीस टक्के दिले असते तर जवळजवळ 18,700 रुपये गेले असते. काम काय, तर नव्या बँकेचा रद्द केलेला चेक, पॅनची झेरॉक्स आणि दोन फॉर्म.

हे पैसे बुडत नाहीत, पण थांबतात. न पोचलेली रक्कम फंडाने वेगळ्या योजनेत ठेवायची, असा सेबीचा नियम आहे. मात्र तीन वर्षांच्या आत मागितली तर त्यावरची सगळी कमाई मिळते. तीन वर्षांनंतर मागितली तर कमाई पहिल्या तीन वर्षांपुरतीच. म्हणजे गुरुजींच्या 2014 च्या पैशाने 2017 नंतर एक रुपयाही कमावला नाही.

शेअरचं याहून कडक आहे. डिमॅट असलेल्यांच्या कॅसमध्ये शेअरही दिसतात, आणि विसरलेलं एखादं डिमॅट खातंही पहिल्याच पानावर सापडतं. पण शेअरवर किती लाभांश आला ते त्यात नसतं. त्यासाठी यादीतल्या एकेका कंपनीच्या वेबसाईटवर न घेतलेल्या लाभांशाची यादी बघावी लागते. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर लाभांशच काय, शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात. परत मिळतात, पण आधी कंपनीचं पत्र, मग IEPF-5 फॉर्म, असा लांबचा फेरा. शेअर जाण्याआधी तीन महिने कंपनीने पत्र पाठवायचं आणि पेपरात नोटीस द्यायची असते. वीस वर्षं पेपरात काढली, अशा नोटिसा छापून येताना बघितल्या. बारीक टाइपातली ती नोटीस वाचून कुणी पैसे मागायला गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि कॅसमध्ये जे नाही, ते तुमचं नाहीच असं समजू नका. कॅस पहिल्या धारकाच्या पॅनवर बनतं. गुरुजींच्या पत्नीच्या नावे 2005 चा एक छोटा फोलिओ होता, त्याला पॅनच जोडलेला नव्हता, कारण तेव्हा 50,000 च्या आत पॅन लागत नसे. तो कॅसमध्ये आला नाही. सेबीच्या सांगण्यावरून 2025 मध्ये सुरू झालेल्या MITRA या शोध सुविधेवर नावाने शोधल्यावर त्याचा माग लागला. कागदी शेअर आणि बँकेतली झोपलेली खातीही कॅसमध्ये नसतात. बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचं UDGAM पोर्टल आहे.

माझं म्हणणं एवढंच. गुरुजींचे पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण ते पोचावेत अशी व्यवस्थाही कुणी ठेवली नव्हती. लाभांश पाच वेळा परत आल्यावर, पहिल्याच वेळी फंडाने फॉर्मवरच्या पत्त्यावर पोस्टाने चार ओळींचं मराठी पत्र टाकलं असतं तर? गुरुजी आजही त्याच घरात राहतात. नोटीस छापली, यादी वेबसाईटवर टाकली, की जबाबदारी संपली असं मानणं मला पटत नाही. एकाच ईमेलवर चाळीस गिऱ्हाईकं नोंदलेली दिसतात, तेव्हा तो ईमेल कुणाचा हे रजिस्ट्रारला कळत नसेल का?

ते सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांची फाईल एका रविवारी उघडा. स्टेटमेंटच्या वरच्या कोपऱ्यात ईमेल आणि मोबाईल कुणाचा आहे, ते आधी बघा. आणि टक्केवारी मागणारा फोन आला तर त्याला पॅन-आधारची कॉपी देऊ नका. कुणाच्या फाईलमध्ये काय सापडलं, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. फोलिओ नंबर मात्र लिहू नका.