बेसमेंटची हवा या हिवाळ्यात मोजून घ्या

न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियात घर घेऊन राहणाऱ्या सर्व मराठी कुटुंबांना हे आवाहन आहे. डिसेंबर १९८४ मध्ये याच भागातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते तपासणीच्या यंत्रापुढे उभे राहिले, की किरणोत्साराचा गजर वाजायचा. केंद्रातून वीज अजून बाहेर पडू लागलेली नव्हती, मग हे आले कुठून? शोध त्यांच्या घरापर्यंत पोचला. घरातल्या हवेत दर लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. आज अमेरिकेची पर्यावरण संस्था ज्या आकड्याला घर दुरुस्त करून घ्या म्हणते, तो आहे ४. घराखालचा खडक युरेनियमयुक्त होता. ‘रीडिंग प्राँग’ नावाचा तो खडकांचा पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत आणि पुढे न्यूयॉर्ककडे जातो. आपल्यातल्या बऱ्याच जणांची घरे या पट्ट्यावर किंवा त्याच्या आसपास आहेत.

वॉट्रस यांच्या अंगाला चिकटला होता तो रेडॉन नव्हे, आणि सगळा मुद्दा समजतो तो इथेच. रेडॉन हा उदासीन वायू. तो कशाला चिकटत नाही, श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतांश तसाच बाहेर येतो. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा, म्हणजे जमिनीतून निघून फरशीच्या भेगांतून घरात शिरायला त्याला भरपूर सवड मिळते. पण त्याचा अणू फुटला की पोलोनियम-२१८ तयार होतो, आणि तो धातू आहे. तो धुळीच्या कणाला, कपड्याला, फुप्फुसाच्या ओल्या अस्तराला चिकटतो. त्याचा अर्धायुकाल फक्त तीन मिनिटांचा. त्याच्यापासून शिसे, शिशापासून बिस्मथ, बिस्मथपासून पुन्हा पोलोनियम, या वेळी २१४. यातल्या शिसे-बिस्मथचे अर्धायुकाल वीस ते सत्तावीस मिनिटांचे, म्हणजे फुप्फुसाने हे कण बाहेर ढकलण्याच्या आत वंशावळीचा हा भाग तिथेच संपतो. दोन्ही पोलोनियम अल्फा कण फेकतात. अल्फा कण साध्या कागदाने अडतो, पण श्वासनलिकेच्या अस्तरात त्याच्या आणि जिवंत पेशीच्या मध्ये कागद नसतो.

यावरून एक चलाख शंका निघते: कण धुळीला चिकटतात ना, मग एअर प्युरिफायर लावला की झाले! झाले नाही. गाळणी धूळ पकडते, रेडॉन वायू तिच्यातून सरळ निघून जातो आणि पुढच्या क्षणी नवे पोलोनियम तयार करत राहतो. हवेत धूळ कमी असल्याने ते नवे अणू सुटेच राहतात, आणि सुटे अणू श्वासनलिकेला अधिक सहज चिकटतात. म्हणजे वंशजांची संख्या घटली तरी धोका त्या प्रमाणात घटत नाही. उलट बेसमेंटमधल्या देवघरात उदबत्ती लावली, की धुरामुळे हवेत तरंगणारे वंशज वाढतात. रेडॉनचा आकडा मात्र दोन्ही वेळा तोच राहतो. घरगुती चाचणीत वंशज न मोजता मूळ वायू मोजतात, ते यासाठीच. घरातली धूळ तासागणिक बदलते, आणि वायू जमिनीतून किती येतो हे त्यापेक्षा भरवशाचे माप आहे.

आता मोजायचे कसे, ते पाहू. दुकानात मिळणारी साधी किट म्हणजे कोळशाची डबी. दोन ते चार दिवस ती उघडी ठेवायची. कोळसा रेडॉन शोषतो. डबी प्रयोगशाळेत गेली, की तिथे आत तयार झालेल्या शिसे-बिस्मथचे गॅमा किरण मोजतात आणि त्यावरून रेडॉनचा हिशेब मांडतात. इथेच लोक चुकतात. डबी बंद करून आठवडाभर गाडीत राहिली, तर पावणेचार दिवसांत निम्मा आणि साडेसात दिवसांत पाऊण रेडॉन संपलेला असतो. प्रयोगशाळा दिवस मोजून दुरुस्ती करते, पण उरलेला संकेत इतका क्षीण असतो, की आकड्यावर विसंबता येत नाही. शिवाय कोळसा शोषलेला वायू परतही सोडतो, त्यामुळे शेवटच्या दिवसाचे वजन निकालात जास्त पडते. शेवटच्या दिवशी खिडक्या उघडल्या, तर निकाल खोटा खाली येतो.

समजा, जानेवारीत बेसमेंटमध्ये पहिली चाचणी ५.२ आली. घाबरू नका आणि फाईलही बंद करू नका. थंडीत घरातली उबदार हवा वर चढून निसटते आणि खालून जमिनीतली हवा ओढली जाते, म्हणून हिवाळ्याचा आकडा बहुधा वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त असतो. लगेच दुसरी डबी ठेवा. ती ३.६ आली, तर दोन्हींची सरासरी ४.४ होते, म्हणजे ४ च्या वरच. हाताशी वेळ असेल तर अल्फा कणांचे ओरखडे प्लास्टिकवर नोंदवणारा दीर्घकालीन मापक तीन महिने ते वर्षभर ठेवा. वर्षाचा आकडा ४.१ आला काय आणि ३.९ आला काय, फरक मोजमापाच्या चुकीत बुडून जातो. ४ ही सुरक्षिततेची रेषा नव्हेच. ती परवडणाऱ्या दुरुस्तीची रेषा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये दर घनमीटरला १०० बेकरेल, म्हणजे लिटरमागे सुमारे २.७ पिकोक्युरी, ही पातळी सुचवली. २ ते ४ मध्ये आकडा असेल तरी दुरुस्तीचा विचार करा, असे अमेरिकी संस्थाही सांगते.

काहींचे म्हणणे असते, की रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे आकडे म्हणजे खाणकामगारांवरून काढलेले अंदाज आहेत. एकेकाळी तेवढाच आधार होता. २००५ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांतले ७,१४८ फुप्फुसकर्करोगाचे रुग्ण एकत्र तपासले गेले, आणि घरातला रेडॉन दर १०० बेकरेलने वाढला की धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे निघाले. खाली कुठे सुरक्षित उंबरठा दिसला नाही. धोका किती, तेही फुगवून सांगायला नको. ४ पिकोक्युरीत आयुष्यभर राहिल्यास कधीच धूम्रपान न केलेल्या हजारातल्या सुमारे सात जणांना रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, धूम्रपान करणाऱ्यांत बासष्ट जणांना, असा पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. पंधरा वर्षे राहतोय, कुणाला काही झाले नाही, याने एवढ्या छोट्या प्रमाणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शेजाऱ्याचा आकडा १ आला याचाही उपयोग नाही. त्याची फरशी वेगळी, त्याच्या खालची माती वेगळी. घर घेताना झालेली चाचणीही बहुधा रिकाम्या, अपूर्ण बेसमेंटची होती. आता तिथे गालिचा आहे, टीव्ही आहे, तबल्याचा क्लास आहे आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा पलंग आहे.

म्हणून विनंती अशी. या हिवाळ्यात, घरातल्या ज्या सर्वांत खालच्या मजल्यावर माणसे बसतात-झोपतात तिथे डबी ठेवा. जमिनीपासून किमान वीस इंच वर, दारे-खिडक्यांपासून तीन फूट दूर. स्वयंपाकघर, बाथरूम आणि पाणी उपसणाऱ्या पंपाचा खड्डा टाळा. ठेवण्याआधी बारा तास आणि चाचणीभर खिडक्या बंद ठेवा. नेहमीची ये-जा चालेल. डबीवर सुरू आणि बंद केल्याची वेळ लिहा आणि ज्या दिवशी बंद कराल, त्याच दिवशी पोस्टात टाका. आकडा जास्त आला तर फरशीखालून हवा ओढून छपरावर सोडणारी नळी आणि पंखा परवानाधारक कंत्राटदाराकडून बसवून घ्या, आणि पंखा सुरू झाल्यावर पुन्हा मोजा. आई-बाबांचे तिकीट मार्चचे असेल, तर किट आजच मागवा.