चूक झाली नव्हे, चूक केली

गौरी-गणपतीला ताई माहेरी आली की आमच्या शहापूरच्या घरात दोन दिवस मराठी-कानडीचा नुसता गलका असतो. गेल्या वर्षी मात्र गौरी जेवल्या त्या रात्री एका वाक्यानं सगळं घर गप्प झालं. ते वाक्य मी बोललो होतो, आणि बोललो होतो ते आईला.

घर बाबांनी स्वकमाईतून बांधलेलं. ते गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. पुढच्या दोन खोल्या पाडून वर मजला चढवावा असं माझ्या मनात होतं आणि बँकेच्या कर्जासाठी कागद एका नावावर असावेत असं मला वाटत होतं. म्हणून मी हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणला. आपल्याकडे कानडीत त्याला हक्कु बिडुगडे पत्र म्हणतात. ताई सही करणारच, हे मी गृहीत धरलेलं. तिनं पेन हातात घेतलंही. तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. तिचा वाटा तिला मिळू दे. मग सोडायचा की ठेवायचा, ते ती ठरवील."

मी भडकलो. आवाज चढत गेला आणि शेवटी मी म्हणालो, "यात तुझं काय आहे? या घरात तू काय घेऊन आली होतीस?"

आई गोकाककडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचे दोन शब्द येत नव्हते. आजी तिला हसायची, त्यात हेच वाक्य असायचं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ते माझ्या तोंडात तयार होतं. रागात माणूस नवीन काही शोधत नाही, घरात ठेवलेलं जुनं हत्यारच उचलतो. समोर ताई होती, बायको होती आणि चौदा वर्षांचा माझा मुलगा होता.

आई उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी नीट बोलत होती, चहाही देत होती. पण मराठीत. लहानपणापासून स्वयंपाकघरात आमचं दोघांचं बोलणं कानडीतच. आता "जेवण वाढलंय", "किल्ली खुंटीला आहे" असं पाहुण्याशी बोलावं तसं. भांडणानंतर आई अबोला धरते तेव्हा कळतं तरी. ती अशी नीट वागू लागली की जखम खोल आहे असं समजावं.

चार दिवसांनी मी म्हणालो, "त्या दिवशी रागात बोललं गेलं. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." ती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडू लागली. मला वाटलं, मिटलं. आज ते वाक्य पुन्हा पाहतो तेव्हा त्यात मी कुठंच दिसत नाही. "बोललं गेलं", म्हणजे कोणाकडून? "वाईट वाटलं असेल तर", म्हणजे वाटलं नसेल तर माझं काही चुकलंच नाही! आणि "रागात" हा शब्द तर मी वकिलासारखा पुढं केला होता. रागानं आवाज का चढला ते सांगता येतं. नेमकं तेच वाक्य का निवडलं, ते राग सांगत नाही.

मग दसरा आला. दरवर्षीप्रमाणे मी सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. आपल्याकडे कानडी घरांत बन्नीचं पान देताना म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु", म्हणजे सोन्यासारखं राहू या. आईनं डोक्यावर हात ठेवला, पण म्हणाली काहीच नाही. तो नमस्कार सणाचा होता. सणाच्या आडून माफी उरकता येईल असं मला वाटलं, पण आईला दोन्हीतला फरक कळतो.

शेवटी ताईनंच फोनवर झापलं. "काय बोललास ते तरी आठवतंय का तुला? आठवत असेल तर ते शब्द तिच्यापुढं उच्चारून दाखव. आणि माझ्या समोर बोललास, तर माझ्या समोरच माग."

दिवाळीत ती आली तेव्हा जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना थांबवलं. मुलगा उठून चालला होता, त्यालाही बसवलं, कारण आजीशी कसं बोलायचं याचा धडा त्यानं माझ्याकडूनच ऐकला होता. मग कानडीत बोललो. कानडीतही माफीसाठी पटकन "तप्पातु" येतं. म्हणजे चूक झाली, जशी दुधाला उकळी आली, तशी आपोआप! मराठीतलं "चूक झाली" तसंच. दोन्ही भाषांत लपायला जागा आहे. म्हणून "ना तप्प माडीनि" म्हणालो, चूक मी केली आहे. पुढं सांगितलं, "या घरात तू काय घेऊन आलीस, असं मी तुला विचारलं. आजी तुला हे म्हणायची, हे मला ठाऊक होतं. तुला लागावं म्हणूनच मी ते म्हणालो. ते खोटंही होतं." 'पण' हा शब्द जिभेवर दोनदा आला. दोन्ही वेळा गिळला.

खोटं कसं, तेही मी तोवर विचारून आलो होतो. बाबांची मिळकत स्वकष्टाची आणि मृत्युपत्र नाही, आजीही त्यांच्या आधीच गेलेली. अशा वेळी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी सारख्या वाट्याचे वारस. म्हणजे तीनातला एक वाटा आईचाच. ज्या घरात तिचं काही नाही असं मी म्हणालो, तिथं तिचा हक्क माझ्याएवढाच होता. कायद्याचं हे मी माफी मागून झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर माफी कागदासाठी मागितली असं झालं असतं.

घराचं काय करायचं, ते मात्र त्या रात्री काढलंच नाही. आई म्हणते तेच करू, असंही मी म्हणालो नाही. मजल्याची गरज मला आजही वाटते. मतभेदाची माफी नसते, बोलण्याची असते. दोन्ही एकत्र केली की माफी मागणारा हरल्यासारखा वागतो आणि पुढच्या भांडणात ते उगवून काढतो.

आई बराच वेळ बोलली नाही. मग नातवाकडं बघून म्हणाली, "तुझ्या आजोबांनी हे घर बांधताना माझ्या पाटल्या मोडल्या होत्या." एवढंच. ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी काय घेऊन आलीस विचारलं होतं, त्याचं उत्तर तिनं दोन महिने पोटात ठेवलं होतं.

माफ केलं, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही. नंतरही नाही. मी विचारलंही नाही, कारण तो हिशेब तिचा. हक्कसोडपत्राचा मसुदा अजून कपाटात सहीविना आहे. त्यावर आमचं बोलणं चालू आहे, कधी कधी आवाजही चढतो. फक्त दिवाळीनंतर आठवडाभरानं मी दुकानातून उशिरा आलो, तेव्हा आतून हाक आली, "बा, ऊटा माडु."

मी हातपाय धुतले आणि पाटावर जाऊन बसलो.